कच्च्या मसुद्याची जागा : घटकभर चालणाऱ्या कार्यसंचिका-मूल्यमापनाची प्रस्तावना

कार्यसंचिका म्हणजे विद्यार्थ्याने केलेल्या कामांतून ठरावीक हेतूने निवडलेले, ज्यांच्या निवडीची कारणे त्याने स्वतः लिहिली आहेत असे आणि आधी जाहीर केलेल्या निकषांवर शिक्षकाने वाचायचे कागद. या व्याख्येतील ‘निवडलेले’ हा शब्द गाळला तर जे उरते ती केवळ फाइल असते, आणि शाळांच्या कपाटांत वर्षअखेर साचणाऱ्या बहुतेक तथाकथित संचिका याच प्रकारच्या असतात: स्वाध्याय, चाचण्या, चित्रे, एखादे प्रमाणपत्र आणि वर रंगीत मुखपृष्ठ. अशी फाइल मुलाने बरेच काम केले एवढे सांगते. त्याला घटकाच्या सुरुवातीला काय येत नव्हते, मध्ये काय बदलले आणि शेवटी काय अडले, हे तिच्यातून काढायचे तर वाचणाऱ्याला प्रत्येक पान नव्याने तपासावे लागते, आणि इतका वेळ कोणत्याही शिक्षकापाशी नसतो. कार्यसंचिकेत हे काम विद्यार्थी आधी करून ठेवतो. तो पाने निवडतो, त्यांतल्या नेमक्या जागेवर बोट ठेवतो आणि तीच जागा का, हे सांगतो.

लिऑन पॉलसन, पर्ल पॉलसन आणि कॅरोल मेयर यांनी 1991 साली लिहिलेल्या आणि आजही या क्षेत्रात आधाराला घेतल्या जाणाऱ्या लेखात कार्यसंचिकेची जी लक्षणे सांगितली, त्यांत एक भेद फार महत्त्वाचा आहे. निवडीचे निकष आणि गुणवत्तेचे निकष या दोन वेगळ्या गोष्टी असून संचिकेत दोन्ही असावे लागतात, असे ती व्याख्या सांगते. निवडीचा निकष ‘कोणता कागद आत येईल’ हे ठरवतो, तर गुणवत्तेचा निकष ‘आत आलेल्या कागदांवरून काय म्हणता येईल’ हे ठरवतो. व्यवहारात हा भेद चटकन पुसला जातो. ‘तुमचे सर्वांत चांगले तीन लेख निवडा’ अशी सूचना दिली की दोन्ही निकष एक होतात, मुले स्वच्छ अक्षरातले लेख निवडतात, आणि ज्या खाडाखोडीच्या पानावर खरे शिकणे घडले ते पान रद्दीत जाते. एका घटकापुरती संचिका आखताना बहुतेक चुका या एकाच गोंधळातून निघतात, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

संचिकेवर भिस्त ठेवण्याआधी तिच्या अपयशाचाही इतिहास पाहिला पाहिजे. अमेरिकेतील व्हरमाँट या छोट्या राज्याने 1990च्या दशकाच्या सुरुवातीला चौथी आणि आठवीच्या वर्गांसाठी लेखन व गणित या विषयांत राज्यव्यापी संचिका-मूल्यमापन सुरू केले. रँड या संशोधन संस्थेतर्फे डॅनियल कोरेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची तपासणी केली, तेव्हा 1992च्या गुणांमध्ये एकाच संचिकेला दोन परीक्षकांनी दिलेल्या गुणांचा सहसंबंध सरासरीने 0.33 ते 0.43 इतकाच निघाला. दोघांच्या गुणांचा पूर्ण मेळ बसला तर हा आकडा 1 येतो, काहीच मेळ नसेल तर शून्य येतो. म्हणजे एखाद्या मुलाचे गुण बऱ्याच अंशी त्याची संचिका कोणाच्या हाती पडली यावर ठरत होते. त्यामागची कारणे समजण्यासारखी होती. प्रत्येक वर्गात कामे वेगळी होती, पातळ्यांची वर्णने मोघम होती आणि परीक्षकांना एकत्र बसवून सराव पुरेसा झालेला नव्हता. पुढे त्या राज्यात गणितातील मेळ सुधारला. तरीही या अनुभवाचा धडा असा की संचिकेतील सगळेच कागद मुलाच्या मर्जीवर सोडले तर तुलना करायला काही हाती राहत नाही, आणि सगळेच कागद शिक्षकाने ठरवले तर ती संचिका न राहता लांबलेली परीक्षा होते. दोहोंचे प्रमाण घटकाच्या आखणीत ठरवावे लागते.

महाराष्ट्रात 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत आली आणि आकारिक व संकलित असे दोन शब्द शिक्षकांच्या रोजच्या बोलण्यात रुळले. आकारिक म्हणजे शिकणे चालू असताना केलेले आणि शिकवण्याची दिशा बदलू शकणारे मूल्यमापन. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी झालेल्या शिकण्याचा हिशेब मांडणारे. या पद्धतीत सातवी-आठवीसाठी आकारिकाला 40 आणि संकलिताला 60 असा भार ठेवला गेला, आणि आकारिकाच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी यादी आली. कार्यसंचिका या यादीतले आणखी एक साधन म्हणून जोडली की शिक्षकावर आणखी एक नोंदवही लादली जाते. ती जोडायची असेल तर उपक्रम, स्वाध्याय आणि प्रकल्प या तिन्हींचे कागद ज्यात येऊन पडतात आणि निवडून बाहेर येतात, अशी एकच जागा म्हणून जोडावी लागते. पुढील विवेचन हे गृहीत धरूनच केले आहे.

विवेचनासाठी सातवीच्या मराठीचा सहा आठवड्यांचा एक घटक घेतला आहे: परिसरात पाहिलेल्या एखाद्या कामाचे असे वर्णन करायचे की न पाहिलेल्याला ते डोळ्यांसमोर आणता यावे. या घटकाला ‘कृतिवर्णन’ म्हणता येईल. आठवड्याला पाच याप्रमाणे सुमारे तीस तासिका धरल्या तर त्यांपैकी आठेक तासिका संचिकेसाठी लागतात आणि बाकीच्या नेहमीच्या वाचन-लेखन-व्याकरणाला मिळतात. घटकाच्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे घटक संपल्यावर विद्यार्थ्याला जे करता यावे अशी अपेक्षा आहे त्या गोष्टी, फक्त तीन ठेवल्या आहेत. पहिली, कामातील पायऱ्या वाचणाऱ्याला अडचण येणार नाही अशा क्रमाने मांडता येणे. दुसरी, साधने, वस्तू आणि क्रिया यांना ते काम करणारे जी नावे देतात ती वापरता येणे. तिसरी, दुसऱ्याने वाचून दिलेल्या प्रतिक्रियेचा विचार करून लेखन बदलता येणे, किंवा ते न बदलण्याचे कारण देता येणे. शुद्धलेखन आणि विरामचिन्हे यांत मुद्दाम घेतलेली नाहीत. ती शिकवायची असतातच. पण तीनाऐवजी आठ निष्पत्ती संचिकेला टांगल्या की आठांपैकी एकीचाही पुरावा नीट गोळा होत नाही, हे बहुतेक शिक्षकांनी एकदा तरी अनुभवलेले असते.

सहा आठवड्यांत मुलाच्या हातून साधारण नऊ कागद तयार होतात. पहिल्या आठवड्यात वर्गात पंचवीस मिनिटांत, कोणाच्याही मदतीशिवाय ‘घरी चहा कसा करतात’ यावर लिहिलेला तुकडा. दुसऱ्या आठवड्यात निवडलेल्या कामाच्या ठिकाणी उभे राहून केलेली टिपणे आणि काम करणाऱ्याला विचारायचे पाच-सहा प्रश्न. तिसऱ्यात पहिला मसुदा आणि साधनांची नावे घातलेली आकृती. चौथ्यात शेजाऱ्याने दिलेली प्रतिक्रिया-चिठ्ठी आणि दुसरा मसुदा. पाचव्यात शेवटचा लेख. सहाव्यात पुन्हा वर्गातच, वेळ लावून, ‘पोळी कशी करतात’ किंवा तशाच सर्वांच्या परिचयाच्या कामावर लिहिलेला तुकडा. यांतले पहिले आणि शेवटचे पान सर्वांच्या संचिकेत असते, ते निवडीला सोडलेले नाही. विषय सर्वांना समान, वेळ समान आणि मदत कोणाचीच नाही, त्यामुळे व्हरमाँटला जी तुलना हाती लागली नाही ती या दोन पानांत मिळते. घरून आलेला शेवटचा लेख आणि वर्गात लिहिलेला सहाव्या आठवड्यातील तुकडा यांच्या भाषेत जमीन-अस्मानाचा फरक दिसला, तर लेखात मोठ्या माणसाचा हात किती आहे याचा अंदाजही याच पानामुळे येतो.

उरलेल्या सात कागदांतून विद्यार्थी तीन जागा भरतो, आणि प्रत्येक जागेचा निकष वेगळा आहे. पहिल्या जागेसाठीची सूचना अशी: ‘ज्या दोन मसुद्यांत पायऱ्यांचा क्रम बदलल्यामुळे किंवा एखादी पायरी वाढल्यामुळे वाचणाऱ्याला जास्त कळते असे तुला वाटते, ते दोन्ही मसुदे ठेव.’ दुसऱ्या जागेसाठी: ‘कोणत्याही कागदातील अशी एक जागा दाखव, जिथे तू मोघम शब्दाऐवजी त्या कामातला नेमका शब्द वापरला आहेस.’ तिसऱ्या जागेसाठी: ‘अजून न जमलेली एक गोष्ट ज्या कागदात दिसते तो कागद ठेव.’ या तिन्ही सूचनांत ‘चांगला’, ‘आवडता’ किंवा ‘सुंदर’ हा शब्द कुठेही नाही. प्रत्येक सूचना एका निष्पत्तीकडे बोट दाखवते, पण त्या निष्पत्तीत मूल किती पुढे गेले हे सांगत नाही. तिसरी जागा पालकांना खटकते, आणि सुरुवातीला मुलांनाही. आपली उणीव आपणच उघडी करायची आणि वर त्याचे गुणही जायचे, अशी त्यांची समजूत होणे साहजिक आहे. म्हणून या जागेला गुण नाहीत, हे पहिल्याच दिवशी लेखी सांगून टाकणे बरे.

निकष कितीही नेटके असले तरी मराठी शाळेत एक सवय त्यांना हमखास छेद देते, आणि ती म्हणजे फेअर करण्याची. ‘हे वहीत फेअर करून आणा’ हे वाक्य मुलांच्या कानांत इतके मुरलेले असते की पहिला मसुदा संचिकेत ठेवायचा म्हटले की ते तो घरी नेऊन स्वच्छ अक्षरात पुन्हा उतरवतात, उतरवताना चुका सुधारतात आणि दुसऱ्या मसुद्यातील दोन-चार वाक्ये त्यात घालूनही टाकतात. परिणामी दोन्ही मसुदे जवळजवळ सारखे होतात आणि बदलाचा पुरावा नाहीसा होतो, तोही मुलाच्या प्रामाणिक मेहनतीतून. ही खोड ओळखण्याची खूण सोपी आहे: पहिल्या मसुद्यात एकही खाडाखोड नसेल तर तो पहिला मसुदा नाही. उपायही साधा आहे. प्रत्येक कागद ज्या दिवशी पुरा होतो त्याच दिवशी शिक्षक त्यावर तारीख घालून सही करतो, मसुदे पेनने लिहिले जातात, खोडताना शब्दावर एकच रेघ मारली जाते म्हणजे खालचा शब्द वाचता येतो, आणि सही झालेले कागद वर्गातील खोक्यात राहतात, घरी जात नाहीत.

मसुद्यांवर गुण घालायचे नाहीत, हा नियमही याच्याच बरोबरचा. इस्रायलमधील शाळकरी मुलांवर रूथ बटलर यांनी केलेला आणि 1988 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात वारंवार सांगितला जातो. केवळ लेखी अभिप्राय मिळालेल्या मुलांचे पुढचे काम सुधारले. केवळ गुण मिळालेल्यांचे तसे सुधारले नाही. आणि ज्यांना गुण व अभिप्राय दोन्ही मिळाले त्यांचे काम अभिप्रायवाल्यांसारखे नव्हे, तर गुणवाल्यांसारखे राहिले. आकडा दिसला की नजर आकड्यावरच थांबते, हे पालकसभेत बसलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

निवडीनंतर येतो तो चिंतनाचा भाग, आणि सर्वांत जास्त कागद वाया जातात ते इथेच. चिंतन म्हणजे विद्यार्थ्याने आपल्याच कामाकडे थोडे लांबून पाहून, कामातील विशिष्ट जागा दाखवून केलेले लेखन. चिंतनप्रश्न म्हणजे त्यासाठी शिक्षकाने दिलेला नेमका प्रश्न. ‘या घटकातून तू काय शिकलास?’ असे विचारले तर चाळीसपैकी तीस मुले ‘मला खूप काही नवीन शिकायला मिळाले’ असे लिहितात, आणि दोष मुलांचा नसतो, कारण प्रश्नच असा आहे की त्याला उत्तर देताना कागद उघडण्याची गरज पडत नाही. म्हणून चिंतनप्रश्न पारखण्याची एक कसोटी ठरवता येते: समोर कागद नसतानाही त्याचे उत्तर देता येत असेल तर तो प्रश्न टाकून द्यावा. ‘पहिल्या मसुद्यातील कोणते वाक्य तू काढून टाकलेस, आणि त्याच्या जागी काय आणलेस?’, ‘शेजाऱ्याने सुचवलेली कोणती गोष्ट तू घेतली नाहीस, आणि का?’, ‘तुझा लेख हातात घेऊन कोणी ते काम करायला बसले तर ते कोणत्या वाक्याशी अडतील?’ हे तीन प्रश्न या कसोटीला उतरतात. तिन्ही एकाच दिवशी विचारायचे नसतात. पहिला आणि दुसरा चौथ्या आठवड्यात, दुसरा मसुदा होताच, शेजाऱ्याची चिठ्ठी समोर ठेवून. तिसरा पाचव्याच्या शेवटी. प्रत्येक वेळी दहा मिनिटे आणि चार-पाच ओळी पुरे. लिहिण्याआधी दोन मिनिटे जोडीदाराला तोंडी सांगायला लावले तर लिहायला अडणारी मुलेही लिहितात, कारण चिंतनाची अडचण पुष्कळदा विचाराची नसून त्यासाठीच्या वाक्यांची असते. घरी बोलीभाषा किंवा दुसरीच भाषा बोलणाऱ्या मुलाने चिंतन आपल्या बोलीत लिहिले तरी ते ग्राह्य धरावे, कारण इथे प्रमाणभाषेची परीक्षा चाललेली नाही.

हे प्रत्यक्ष कसे दिसते ते समजण्यासाठी एका विद्यार्थिनीची संचिका नमुना म्हणून रचून पाहता येईल. तिने सायकल दुरुस्तीच्या दुकानात पंक्चर काढण्याचे काम पाहिले आहे. तिच्या पहिल्या मसुद्यातील मुख्य भाग असा: ‘दुकानातले काका चाक काढतात. ट्यूब बाहेर काढून ते पंक्चर काढतात. मग हवा भरतात आणि सायकल देतात.’ वाक्ये शुद्ध आहेत, क्रमही चुकलेला नाही. पण ‘पंक्चर काढतात’ या दोन शब्दांत सगळे काम गडप झाले आहे. शेजारच्या मुलाने चिठ्ठीवर एवढेच विचारले आहे: ‘भोक कुठे आहे ते त्यांना कळते कसे?’ तिच्या टिपणांत याचे उत्तर आधीपासूनच होते, पाण्याचे घमेले आणि बुडबुडे ही नोंद तिने केली होती, मात्र लेखात ती आली नव्हती. दुसऱ्या मसुद्यात त्या दोन शब्दांच्या जागी हे आले: ‘ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी बुडवतात. जिथून बुडबुडे येतात तिथे खूण करतात. ती जागा पुसून कोरडी करतात, कानशीने घासून खरखरीत करतात आणि सोल्यूशन लावतात. लगेच पॅच लावत नाहीत. सोल्यूशन थोडे सुकले की मग पॅच चिकटवून वरून हातोडीने ठोकतात.’

पहिल्या जागेसाठी तिने हे दोन मसुदे ठेवले आणि पहिल्या चिंतनप्रश्नाखाली लिहिले: ‘पंक्चर काढतात हे वाक्य काढले. त्यात ते काय करतात तेच नव्हते. ज्याला माहीत आहे त्यालाच ते वाक्य कळेल.’ दुसऱ्या जागेसाठी तिने ‘खरखरीत’ या शब्दाभोवती गोल केला. शिक्षकाच्या अपेक्षेप्रमाणे ‘कानस’ किंवा ‘सोल्यूशन’ यांभोवती नाही. कारण दिले की आधी तिने ‘साफ करतात’ असे लिहिले होते, पण काका साफ करत नव्हते, उलट गुळगुळीत जागा मुद्दाम बिघडवत होते, म्हणजे पॅच धरून राहील. या उत्तरात नेमक्या शब्दाची जाण नावापुरती न राहता क्रियेच्या हेतूपर्यंत गेलेली दिसते, आणि ती केवळ लेख वाचून कोणालाही दिसली नसती. ‘कुठे अडतील?’ या प्रश्नाला तिने दिलेले उत्तर असे: ‘काटा टायरमध्येच राहिला असेल तर परत पंक्चर होईल. काका टायरच्या आतून हात फिरवत होते ते मी पाहिले, पण का ते तेव्हा कळले नाही म्हणून लिहिले नाही.’ तिसऱ्या जागेसाठी तिने निवडले ते आपल्या टिपणांचे पान, ज्यावर ‘टायरमध्ये हात’ एवढीच नोंद होती.

आता गुणवत्तेच्या निकषांकडे वळता येते. प्रत्येक निष्पत्तीसाठी चार पातळ्या पुरतात, आणि त्यांची वर्णने विशेषणांनी न करता वाचणाऱ्याला काय करता येते यावरून केलेली बरी. क्रमाच्या निष्पत्तीसाठी उदाहरणार्थ: पहिल्या पातळीवर लेखातून फक्त कामाचे नाव कळते, दुसऱ्या पातळीवर मुख्य टप्पे कळतात, पण मधले काम एखाद्या शब्दात झाकलेले असते, तिसऱ्या पातळीवर पायऱ्या दिसतात, मात्र एखादी महत्त्वाची पायरी नसल्याने काम फसू शकते, चौथ्या पातळीवर वाचणारा कामाबरोबर शेवटापर्यंत जातो आणि जिथे थांबायचे, वाट पाहायची किंवा तपासायचे तिथे तसे सांगितलेले असते. या विद्यार्थिनीचा पहिला मसुदा दुसऱ्या पातळीवर आणि दुसरा मसुदा तिसऱ्या पातळीवर बसतो. सोल्यूशन सुकू देण्याची वाट तिने पकडली आहे, काट्याची पायरी मात्र सुटली आहे. ती उणीव तिने स्वतः चिंतनात ओळखली म्हणून लेखाला चौथी पातळी द्यावी का, हा वाद शिक्षकांमध्ये नेहमी होतो. इथे घेतलेली भूमिका अशी की देऊ नये. लेख जिथे आहे तिथेच मोजला जावा; चिंतन मोजले जाते ते तिसऱ्या निष्पत्तीसाठी, म्हणजे प्रतिक्रियेचा विचार करून लेखन बदलण्यासाठी, आणि तिथे शेजाऱ्याची चिठ्ठी, दोन मसुदे आणि चिंतन मिळून तिला चौथ्या पातळीचा भक्कम पुरावा आहे. तिसऱ्या जागेला गुण नाहीत हा शब्द याने मोडत नाही. काट्याची नोंद लपवली असती तरी तिची चौथी पातळी चिठ्ठी आणि मसुदे यांच्याच जोरावर टिकली असती. चिंतनाला स्वतंत्र गुण दिले की मुले लवकरच कबुलीजबाब लिहायला शिकतात: आधी मला काहीच येत नव्हते, आता सगळे येते. असा सूर गुण मिळवून देतो हे एका मुलाला कळले की पुढच्या घटकापर्यंत ते सगळ्या वर्गाला कळते.

शिक्षकाच्या वेळेचा हिशेब टाळून या पद्धतीचे समर्थन करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येक संचिका वाचायला आठ मिनिटे धरली तर 320 मिनिटे, म्हणजे पाच तास वीस मिनिटे होतात. मुलाने खुणा केलेल्या जागांपासूनच वाचायला सुरुवात केली तर आठ मिनिटे पुरतात. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले तर पंधराही पुरत नाहीत. म्हणजे खुणा करणे हा मुलांवरचा भार नसून शिक्षकावरचा भार उतरवण्याची सोय आहे. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात मात्र ही सोयही पुरत नाही. तिथे एका सत्रात एकाच घटकाची संचिका करावी, बाकीच्या घटकांना हात लावू नये.

या वेळेतूनच थोडा वेळ दुसऱ्या वाचकासाठी काढावा लागतो. चाळीसपैकी कोणत्याही पाच संचिका शाळेतील दुसऱ्या भाषाशिक्षकाला, आधीच्या पातळ्या न दाखवता, वाचायला द्यायच्या. दोघांच्या पातळ्यांत एकाचा फरक पडला तर चालते. पण पाचांपैकी दोन संचिकांत दोन किंवा अधिक पातळ्यांचा फरक पडला, तर वाद मुलाच्या गुणांवर न घालता वर्णनांवर घालावा, कारण बहुधा एखादे वर्णन दोघे दोन अर्थांनी वाचत असतात. वरच्या उदाहरणातील ‘महत्त्वाची पायरी’ हे शब्द तसेच आहेत. एकाला काटा शोधणे महत्त्वाचे वाटेल, दुसऱ्याला ते तपशिलाचे काम वाटेल. ‘जी पायरी सुटली तर काम फसते किंवा पुन्हा करावे लागते’ असा खुलासा वर्णनात घातला की हा मतभेद मिटतो. पाच संचिकांवरून परीक्षकांच्या मेळाचा आकडा काढता येत नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये; मोघम शब्द सापडण्यापुरत्या त्या पुरेशा असतात.

चिंतनांची तपासणीही अशीच थोडक्यात होते. कोणतीही दहा चिंतने घेऊन वरची नावे झाकावीत आणि कोणते चिंतन कोणत्या लेखाचे ते जुळवून पाहावे. जुळले तर प्रश्न कामाचे होते. चार-पाच चिंतने कोणत्याही लेखाला चिकटवता येत असतील तर त्या प्रश्नांनी वर्गाला ठरावीक वाक्ये लिहायला शिकवले आहे, आणि पुढच्या घटकात ते बदलावे लागतात. कधी कधी दोष प्रश्नाचा नसतो, शिक्षकाने फळ्यावर लिहिलेल्या नमुन्याचा असतो. नमुना जितका सुबक, तितकी त्याची नक्कल जास्त. नमुना दाखवायचाच असेल तर शिक्षकाने स्वतःच्या एखाद्या खोडलेल्या वाक्याचा दाखवावा, तोही वर्गात चालू असलेल्या विषयाबाहेरचा.

या मूल्यमापनातून काय कळत नाही, तेही नोंदवले पाहिजे. मूल वेळेच्या दडपणाखाली किती लिहू शकते, याचा अंदाज पहिल्या आणि शेवटच्या पानाने थोडाफार येतो, पुरता येत नाही. पाठ्यपुस्तकातील धडे किती कळले, हे तर यात नाहीच. दोन शाळांची किंवा दोन तालुक्यांची तुलना करण्यासाठी हे साधन वापरू नये. व्हरमाँटमध्ये जे घडले ते तसा वापर केल्यावरच घडले. वर्गात मात्र, एका शिक्षकाच्या हाती, पुढच्या घटकाची सुरुवात कुठून करावी हे ठरवण्यासाठी ते उपयोगी पडते. घटक संपल्यावर संचिका विद्यार्थ्याला परत द्यायची, आणि शिक्षकाने आपल्यापाशी एकच पान ठेवायचे, तिसऱ्या जागेचे. चाळीस मुलांची ती चाळीस पाने एकत्र चाळली तर, समजा, अकरा मुलांनी ‘पाहिले पण का ते कळले नाही म्हणून लिहिले नाही’ अशा अर्थाचे काही लिहिलेले आढळेल. तसे आढळले तर पुढच्या घटकाच्या पहिल्या तासिकेला काम करणाऱ्या माणसाला ‘हे का करता?’ असे विचारायचे प्रश्न तयार करायला घ्यावेत, आणि ‘टायरमध्ये हात’ ही नोंद फळ्यावर लिहून, तिच्या मालकिणीची परवानगी घेऊन, तिथूनच सुरुवात करावी.